राज्यसेवा मुख्य: आणीबाणीचं प्रकरण आणि तपासून आलेली उत्तरं कार्डांत कशी बसवायची?

सईची_वही

राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली तेव्हापासून माझ्याकडे दोन गठ्ठे वाढत चाललेत. एक टेस्ट सिरीजमधून तपासून आलेल्या उत्तरांचा, दुसरा प्रकरणांच्या नोट्सचा. उजळणीच्या वेळी दोन्ही उघडवत नाहीत. म्हणून कार्डं करायला घेतली, पण काहीतरी चुकतंय.

उदाहरण देते. राज्यघटनेतलं आणीबाणीचं प्रकरण घेतलं. कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहिलं, "कलम ३५६ स्पष्ट करा", आणि मागे बारीक अक्षरात आठ ओळी. उलटून पाहिलं की वाटतं, हे तर येतंय. पेपर लिहायला बसलं की संसदेच्या मान्यतेची मुदत एक महिना की दोन, इथेच अडायला होतं. त्याच प्रकरणाचा माइंड मॅपही काढला, मोठ्या कागदावर, चार रंगांत. दिसायला झकास आहे. पण तो भिंतीवर लावून नुसतं बघत बसण्यापलीकडे त्याचं काय करायचं, कळत नाही.

तर दोन प्रश्न. प्रकरणातून कार्डं काढताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं? आणि स्वतःच्या तपासलेल्या उत्तराचं कार्ड करायचं की नकाशा?

मुळ्येमास्तर

सईताई, तीस-पस्तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. तुमचा नकाशा चांगलाच आहे, टाकून देऊ नका. रंग आणि चित्रं उजव्या मेंदूत जातात, शब्द डाव्या मेंदूत, म्हणून नकाशा पक्का बसतो. रोज सकाळी पाच मिनिटं त्याच्याकडे बघा. आणि त्या आठ ओळी हाताने पुन्हा पुन्हा लिहून काढा. हाताने लिहिलेलं विसरत नाही. बाकी कार्डं वगैरे नवीन फॅड आहे.

कृष्णाकाठ

मास्तर, हाताने लिहिण्याबद्दल अर्धं तुमच्या बाजूने. पण पुस्तक समोर ठेवून लिहिलं तर तो हाताचा व्यायाम होतो. पुस्तक मिटून लिहिलं तर उजळणी. उजव्या-डाव्या मेंदूचं मात्र तसं काही नसतं, ते राहू द्या. रोज नकाशाकडे बघितल्याने नकाशा ओळखीचा होतो, आठवायला लागतो असं नाही.

सई, तुझ्या कार्डाचा दोष असा की त्यात एक नाही, आठ प्रश्न आहेत. त्यातले सहा तुला येतात, दोन येत नाहीत, आणि तू सगळ्या कार्डाला "आलं" म्हणून बाजूला ठेवतेस. मान्यतेची मुदत त्या दोनांपैकी एक आहे, म्हणून दर वेळी निसटते. एका कार्डाला एकच उत्तर हवं, आणि ते आलं की नाही याबद्दल मनात शंका राहता कामा नये. "स्पष्ट करा", "माहिती लिहा", "टीप द्या" हे शब्द कार्डावर आले की समजायचं कार्ड फोडायला हवं.

कलम ३५६ मी असं फोडतो:

```
३५६ची उद्घोषणा: संसदेची मान्यता किती काळात?
  -> २ महिने
३५६ला मान्यता देताना कोणतं बहुमत?
  -> साधं, दोन्ही सभागृहांत
एकदा मान्यता मिळाली की किती काळ चालते?
  -> ६ महिने, मग पुन्हा मान्यता
कमाल किती?
  -> ३ वर्षे
१ वर्षापुढे न्यायची तर अटी किती, कोणी घातल्या?
  -> २ अटी, ४४वी घटनादुरुस्ती (१९७८)
```

त्या दोन अटी काय, याची आणखी दोन कार्डं. एक, देशात किंवा त्या राज्याच्या काही भागात राष्ट्रीय आणीबाणी चालू असणं. दुसरी, निवडणुका घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने प्रमाणित करणं. दोन्ही एकाच कार्डावर ठेवल्या तर दुसरी विसरशील. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना निवडणूक आयोग आठवतो, राष्ट्रीय आणीबाणी हमखास राहून जाते.

पण एवढ्याने तुझा गोंधळ जाणार नाही. मुदत तुला आठवत नाही असं नाही. तुला राष्ट्रीय आणीबाणीच्या ३५२ची मुदत राष्ट्रपती राजवटीच्या ३५६ला चिकटवायची सवय लागलीय. त्यावर उपाय वेगळा, तो संध्याकाळी लिहितो, आता बस आली.

दहावीची_आई

छान धागा! माझा मुलगा दहावीत आहे. इतिहास आणि राज्यशास्त्राचं पुस्तक तसं पातळ, पण याच्या लक्षातच राहत नाही. अशी तयार कार्डं दुकानात मिळतात का? की कोणी पीडीएफ देईल? त्याला आणीबाणी नाहीये बहुतेक, संविधानाची वाटचाल असं काहीतरी आहे.

अंकुर_डी

कागद कशाला, Anki वापरा. संगणकावर फुकट, अँड्रॉइडवर AnkiDroid फुकट, फक्त आयफोनवर पैसे पडतात. कोणतं कार्ड कधी दाखवायचं ते तोच ठरवतो. सोपं गेलेलं लांब ढकलतो, चुकलेलं लगेच पुढ्यात आणतो.

एक एक कार्ड टाइप करत बसू नका. नोटपॅडमध्ये अशी फाइल करायची आणि थेट आयात करायची:

```
#separator:Semicolon
३५२: संसदेची मान्यता किती काळात?;१ महिना
३५६: संसदेची मान्यता किती काळात?;२ महिने
३६०: संसदेची मान्यता किती काळात?;२ महिने
```

फाइल UTF-8 मध्ये साठवा. एक्सेलमधून करणार असाल तर साठवताना "CSV UTF-8" निवडा. साधं CSV निवडलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि मग माणूस अॅपला शिव्या घालतो. आणखी एक, उत्तरात अर्धविराम वापरू नका, त्यापुढचं उत्तर दुसऱ्या रकान्यात जातं.

आणि तयार डेक कशाला शोधायचे, टेलिग्रामवर शेकड्याने पडलेत. मी आणीबाणीचा पूर्ण डेक उतरवून घेतला, एका आठवड्यात संपवला.

रात्रपाळी

मी नोकरीत आहे, ड्युटीवर फोन वापरता येत नाही. माझी कार्डं व्हिजिटिंग कार्डाच्या मापाच्या जाड कागदाची, खिशात मावतात. तीन डबे केलेत. नवीन आणि चुकलेली पहिल्या डब्यात, ती रोज. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्या डब्यात, ते तीन-चार दिवसांनी. तिथेही आलं तर तिसऱ्यात, ते पंधरवड्याने. कुठेही चुकलं की थेट पहिल्या डब्यात परत. अॅपची गरज पडली नाही.

पण कृष्णाकाठ म्हणतात ती अडचण मलाही आहे. ३५२, ३५६ आणि आर्थिक आणीबाणीचं ३६० या तिघांत आलटून पालटून फसतो. ही कार्डं पहिल्या डब्यातून बाहेरच पडत नाहीत.

कृष्णाकाठ

बाहेर पडणारही नाहीत, कारण तिन्ही कार्डं दिसायला सारखी आहेत. "मान्यता किती काळात?" तीनदा विचारलं, तर डोक्यात तीन आकडे आणि तीन कलमं सुटी फिरत राहतात. अंकुरने वर दिलेली फाइल नेमकी हाच घोळ घालते. तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे, पण पाठ होणार नाही.

अशा वेळी तिघांतला वेगळा कोण, हेच विचारणारं कार्ड करायचं. आणीबाणीच्या तीन कलमांत ३५२ एकटं वेगळं आहे. त्याला एक महिना आणि विशेष बहुमत. ३५६ आणि ३६० दोन्हीला दोन महिने आणि साधं बहुमत. म्हणून कार्ड असं:

```
तिन्ही आणीबाणींत मान्यतेच्या बाबतीत वेगळी कोणती, आणि कशी?
  -> ३५२. एकच महिना, आणि विशेष बहुमत

३५२चीच मान्यता कडक का केली?
  -> १९७५चा अनुभव. ४४व्या दुरुस्तीने मुदत २ महिन्यांवरून १ वर आणली,
     विशेष बहुमत आणलं, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस आवश्यक केली
```

दुसरं कार्ड जरा लांब आहे, माझा नियम मी इथे मोडलाय. पण "का" कळलं की आकडा अधांतरी राहत नाही. १९७५ला मंत्रिमंडळाला कळायच्या आत उद्घोषणेवर सही झाली होती, म्हणून नंतर लेखी शिफारस आली. हे एकदा डोक्यात बसलं की ३५२ला कडक अटी का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. कार्ड फारच लांब वाटलं तर तिन्ही बदलांचं वेगळं कार्ड कर, पण "का" एकत्र ठेव.

रात्रपाळी, तुमची अडलेली तीन कार्डं फाडून टाका. त्यांच्या जागी हे एक घाला. एखादं कार्ड पुन्हा पुन्हा चुकतंय म्हणजे तुमची मेहनत कमी पडतेय असं नाही, बहुतेक वेळा कार्डच चुकीचं लिहिलेलं असतं. Anki असल्या कार्डाला आठ चुकांनंतर leech म्हणून खूण करतो. खूण आली की ते घोकायचं नाही, पुन्हा लिहायचं.

दहावीची आई, मुलालाच एका पाठाची कार्डं करू द्या. कार्ड करताना त्याला ठरवावं लागतं की यातलं महत्त्वाचं काय, आणि निम्मा अभ्यास तिथेच होतो. विकत घेतलेल्या कार्डात हे दुकानदाराने केलेलं असतं.

टपालहंशील

अंकुर, तो टेलिग्रामचा डेक मीही पाहिलाय, किंवा त्याचाच भाऊ असेल. त्यात एक कार्ड आहे, "राष्ट्रीय आणीबाणीची कारणे?" आणि उत्तर, "युद्ध, परकीय आक्रमण, अंतर्गत अशांतता". अंतर्गत अशांतता हे कारण ४४व्या दुरुस्तीने काढून त्या जागी सशस्त्र बंड आणलं. म्हणजे कार्ड १९७८च्या आधीचं. आणि Anki ते चूक उत्तर बरोबर दिवशी, बरोबर वेळेला, आयुष्यभर तुमच्या डोक्यात घालत राहणार.

अंकुर_डी

अरे बापरे. आत्ता उघडून पाहिलं, आहे तसंच. आणखी एक सापडलं, "३५६ लोकसभा साध्या बहुमताने रद्द करू शकते". हे पण चूक आहे का?

टपालहंशील

चूक. लोकसभेने ठराव करून उद्घोषणा रद्द करायला लावण्याची सोय ३५२ची आहे. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी नोटीस दिली की चौदा दिवसांत खास बैठक बोलवावी लागते, तेही तिथलंच. ३५६ची उद्घोषणा राष्ट्रपती नव्या उद्घोषणेने मागे घेतात, तिथे लोकसभेच्या ठरावाची भानगड नाही.

डेक टाकूनच द्यायचा असं नाही. पण प्रत्येक कार्ड वापरण्याआधी संविधानाचं मूळ कलम उघडून पडताळा. कलम ३५६ दोन पानांचं आहे, मराठीतूनही मिळतं, फार वेळ लागत नाही.

मुळ्येमास्तर

कृष्णाकाठ, नकाशाकडे बघून काही होत नाही हे तुम्ही अगदी ठामपणे म्हणालात. मग नकाशा काढायचाच कशाला? माझ्या वर्गात फळ्यावर नकाशा काढायचो तर मुलांना प्रकरण समजायचं. ते खोटं होतं का?

कृष्णाकाठ

खोटं नव्हतं, मास्तर. समजायला नकाशा उत्तम. तुम्ही फळ्यावर काढत होतात तेव्हा मुलं एक एक फांदी फुटताना बघत होती, तुम्ही मध्येच थांबून "आता पुढे काय?" असं विचारतही असाल. भिंतीवरच्या कागदात ते घडत नाही.

२०११ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. एका गटाने धडा समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढला. दुसऱ्या गटाने धडा वाचला, मिटला, आठवेल तेवढं लिहिलं, मग पुन्हा तसंच केलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर मिटून आठवणाऱ्यांचं जास्त लक्षात होतं. गंमत म्हणजे कोणत्या पद्धतीने जास्त लक्षात राहील हे आधी विचारलं होतं, तेव्हा मुलांचे अंदाज नेमके चुकले. हाताला काम लागलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं.

म्हणून नकाशा मिटून काढायचा. कोरा कागद, मधे "३५६", आणि दहा मिनिटं आठवेल तेवढ्या फांद्या. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल शाईने भरायचं. त्या लाल जागांची कार्डं होतात. पुढच्या वेळी पुन्हा कोरा कागद. लाल शाई कमी होत गेली की प्रकरण आलं. सईचा भिंतीवरचा मोठा नकाशा ताडून बघायला ठेवायचा, रोज दर्शन घ्यायला नाही.

सईची_वही

हे करून बघते. आता तपासलेल्या उत्तराचं सांगा. हा प्रश्न होता, १५ गुण, २५० शब्द: "राष्ट्रपती राजवटीच्या वापरावर बोम्मई निकालाने घातलेल्या मर्यादांची चर्चा करा." मला पाच मिळाले. माझ्या उत्तरात पाच परिच्छेद होते. पहिल्यात ३५६ म्हणजे काय. दुसऱ्यात कारणं, राज्यपालांचा अहवाल, ३६५. तिसऱ्यात मान्यता, मुदत, ३ वर्षे. चौथ्यात बोम्मईचे तीन मुद्दे. पाचव्यात "अशा प्रकारे संघराज्याचा समतोल राखला पाहिजे".

शेरे असे: "तरतुदीचं वर्णन फार. प्रश्नाला उशिरा हात. १९९४ नंतर काय झालं? उदाहरण?"

याचं कार्ड करू म्हटलं तर आख्खं उत्तरच पाठ करावं लागेल.

कृष्णाकाठ

उत्तराचं कार्ड करायचंच नाही. उत्तराचा सांगाडा काढायचा आणि शेऱ्यांची कार्डं करायची.

सांगाडा असा काढतात. प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी समासात दोन-तीन शब्दांत लिहायचं, हा परिच्छेद प्रश्नासाठी काय करतो. काय सांगतो ते नव्हे. तुझ्या पहिल्या तिन्ही परिच्छेदांच्या शेजारी "पार्श्वभूमी, पार्श्वभूमी, पार्श्वभूमी" येईल. प्रश्न मर्यादांबद्दल आहे आणि मर्यादा चौथ्या परिच्छेदात. परीक्षकाने जे शेरे लिहिले ते समासात आपोआप दिसतात. आता तोच सांगाडा नव्याने बांधू:

```
बोम्मईच्या मर्यादा
  आधी काय चालायचं (२ ओळी)
    आंबेडकर: मृत अक्षर राहावं ही आशा
    सरकारिया १९८८: शेवटचा उपाय
  निकाल, ११ मार्च १९९४, ९ न्यायाधीश
    बहुमत सभागृहातच
    उद्घोषणेचं न्यायिक पुनर्विलोकन
    मान्यतेआधी विधानसभा बरखास्त नाही
    सरकार पुन्हा आणता येतं
  नंतर
    बिहार १९९९, बिहार २००५, अरुणाचल २०१६
  कुठे अपुरा
    राज्यपालांचा अहवाल
    निकाल उशिरा लागतो
```

प्रत्येक फांदीवर चार-पाचच शब्द. वाक्य लिहिलंस तर ते वाक्य पाठ करशील, आणि परीक्षेत प्रश्न थोडा फिरला की ते वाक्य बसणार नाही. मूळ तरतुदीला इथे वेगळी फांदीच नाही हे बघ. मुदत, बहुमत हे सगळं कार्डांत गेलंय. ते उत्तरात गरज पडेल तिथे अर्ध्या वाक्यात येतं.

आता शेऱ्यांची कार्डं. "उदाहरण?" या शेऱ्याचं सर्वांत मोलाचं कार्ड हे:

```
मान्यतेआधी विधानसभा बरखास्त का करायची नाही?
  -> संसदेने मान्यता दिली नाही तर सरकार परत यायला हवं,
     विधानसभाच गेली तर परतायला जागा उरत नाही

याचं उदाहरण?
  -> बिहार १९९९: लोकसभेने मान्यता दिली, राज्यसभेत बहुमत नाही,
     उद्घोषणा मागे, राबडीदेवी सरकार परत
```

दुसऱ्या कार्डाने पहिलं कार्ड सिद्ध होतं. परीक्षकाला तुझ्या उत्तरात हवा होता तो दुवा हाच. "१९९४ नंतर काय?" या शेऱ्यातून दोन कार्डं: २००५ची बिहार विधानसभेची बरखास्ती सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये घटनाबाह्य ठरवली, आणि २०१६ला अरुणाचलचं सरकार न्यायालयाने परत आणलं.

टपालहंशील

सांगाडा मान्य. पण "सरकार पुन्हा आणता येतं" एवढंच लिहिलं तर उमेदवार फसेल. बोम्मईच्याच खटल्यात कर्नाटक, नागालँड, मेघालयच्या उद्घोषणा न्यायालयाने चुकीच्या ठरवल्या, पण तोवर तिथे निवडणुका होऊन गेल्या होत्या, म्हणून कोणाचंच सरकार परत आलं नाही. आणि मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचलच्या डिसेंबर १९९२च्या बरखास्त्या वैध ठरल्या, धर्मनिरपेक्षतेच्या मुद्द्यावर. हे "कुठे अपुरा" या फांदीत यायला हवं, नाहीतर निकाल म्हणजे फक्त राज्यांचा विजय असं उत्तर तयार होतं.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळाच आहे. कार्डांवर तयारी केलेल्या मुलांची उत्तरं मी वाचलीत. तुटक असतात. मुद्दा, मुद्दा, उदाहरण, मुद्दा. जोडणारं वाक्य नसतं. वर्णनात्मक परीक्षेत त्याचेच गुण जातात.

कृष्णाकाठ

पहिला मुद्दा पूर्ण मान्य, फांदी दुरुस्त करा सगळ्यांनी.

दुसऱ्याबद्दल, कार्डांमुळे तुटकपणा येतो की त्यानंतर सराव केला नाही म्हणून, हे मला नक्की सांगता येत नाही. मी मुलांकडून दर आठवड्याला एक उत्तर सांगाड्यावरून पूर्ण लिहून घेतो, तरी काहींचं तुटक राहतंच.

रात्रपाळी

आपल्या राज्याची उदाहरणं घ्यायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा राजवट आली. २०१९ची तर नोव्हेंबरमध्ये बारा दिवसांच्या आत संपली. आणि एक शंका. कार्डावर कमाल ३ वर्षे लिहिलंय, पण पंजाबात १९८७ ते १९९२ राजवट होती. ही पाच वर्षं कशी?

टपालहंशील

पंजाबसाठी घटनादुरुस्त्या करून मुदत वाढवली होती. शेवटची ६८वी, १९९१. नियमाचं कार्ड तसंच ठेवा, अपवादाचं वेगळं कार्ड करा. नियमाच्या कार्डावर "पंजाब सोडून" असं जोडू नका, तसं केलं की आकडा आणि अपवाद दोन्ही अर्धवट आठवतात.

महाराष्ट्राची उदाहरणं जरूर वापरा, पण बोम्मईच्या प्रश्नात नव्हे. तीनपैकी २०१४ आणि २०१९ न्यायालयाच्या मर्यादांची उदाहरणं होत नाहीत. १९८०ला राज्यातलं सरकार केंद्राने बरखास्त केलं होतं, ते निकालाआधीच्या काळासाठी चालेल.

दहावीची_आई

मुलाने काल स्वतः कार्डं केली! पण प्रत्येक कार्डावर धड्याचं नाव पुढे आणि आख्खा धडा मागे. सईताईंसारखंच. 😄 आता वरचं वाचून दाखवते.

सईची_वही

कोऱ्या कागदावर ३५६चा नकाशा काढला. "किती काळ" ही फांदी सगळी आली. "कुठे अपुरा" एक शब्दही नाही, सगळं लाल. उत्तरात हीच बाजू नव्हती.

एक शेवटचं. पूर्ण प्रकरणाची किती कार्डं व्हायला हवीत? माझी ३५६ची एकट्याचीच तीसच्या वर गेली. राज्यघटनेची सगळी प्रकरणं अशी केली तर रोजचा ढीग किती होईल?

अंकुर_डी

Anki मध्ये रोजची नवीन कार्डं मुळात २० वर ठेवलेली असतात. मी ती १० वर आणली, नाहीतर महिनाभरात उजळणीचाच डोंगर होतो.

कृष्णाकाठ

तीस जास्त आहेत. कोरा कागद आधी काढ, कार्ड नंतर कर. कागदावर जे आपोआप येतं त्याचं कार्ड कशाला? मग आकडा बारा-पंधरावर येईल. ३६०ला तर तीन-चार पुरतात, आर्थिक आणीबाणी आजवर लागलेलीच नाही, त्यामुळे तिथे उदाहरणं नाहीत आणि वाद कमी.

टपालहंशील

बारा-पंधरा मला कमी वाटतात. ३५८ आणि ३५९मधला फरक, कलम २० आणि २१चे हक्क निलंबित होत नाहीत हे, सगळं त्याच प्रकरणात येतं. तिथे कंजूषी केली तर पूर्व परीक्षेतच फटका बसतो.

कृष्णाकाठ

मी एकट्या ३५६बद्दल बोलत होतो, तुम्ही पूर्ण प्रकरणाबद्दल. पूर्ण प्रकरण धरलं तर पन्नासच्या आसपास जाईल. पूर्व आणि मुख्यला कार्डं वेगळी ठेवावीत का, यावर माझं अजून ठरलेलं नाही. कोणी दोन्ही करून पाहिलं असेल तर लिहा.